क्लच गेला, सवय उरली

आपल्याकडे बहुतेकांनी गाडी शिकली ती क्लचची. डाव्या पायाला सतत काम, डाव्या हाताला सतत गिअर, आणि उतार लागला की गाडी न्यूट्रलवर सोडून द्यायची, म्हणजे तेवढंच पेट्रोल वाचतं, ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली शिकवण. मग कधीतरी घरात ऑटोमॅटिक गाडी येते. क्लचचं पेडल गेलेलं असतं, पण तीस वर्षांचा चालक त्या दोन्ही सवयींसकट नव्या सीटवर बसतो. हात अजूनही उतारावर न्यूट्रल शोधतो आणि डावा पाय क्लच शोधतो.

गाडी ताब्यात देताना शोरूममधला मुलगा दोन वाक्यं सांगतो: गाडी चालत असताना लिव्हर एनवर नेऊ नका, आणि दोन्ही पेडल उजव्या पायानेच दाबा. सांगतो आणि पुढे टचस्क्रीनकडे वळतो. का, ते फारसं कुणी सांगत नाही. कारण कळलं नाही की नियम महिनाभरात विसरला जातो, आणि हे दोन नियम विसरणं महागात पडतं. म्हणून आज फक्त या दोघांबद्दल, जरा निवांत.

आधी लिव्हर एनवर गेली की आत काय होतं ते पाहू. इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये एक जोड असतो. क्लचच्या गाडीत तो जोडायचा आणि तोडायचा अधिकार तुमच्या डाव्या पायाकडे असतो. ऑटोमॅटिकमध्ये तेच काम यंत्रं करतात. जुन्या धाटणीच्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर आणि तेलाच्या दाबावर चालणारे आतले क्लच असतात. सीव्हीटीमध्ये दोन पुल्या आणि त्यांच्यावरचा धातूचा पट्टा असतो. ड्युअल क्लचमध्ये नावाप्रमाणे दोन क्लच. आणि आपल्याकडे 2014 मध्ये मारुती सेलेरिओबरोबर सामान्य माणसाच्या आवाक्यात आलेल्या एएमटीमध्ये तर गिअरबॉक्स साधाच असतो, फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर बदलण्याचं काम तुमच्याऐवजी मोटरा करतात. यंत्रणा वेगवेगळ्या, पण लिव्हर एनवर नेली की चारही ठिकाणी परिणाम एकच: जोड तुटतो. इंजिन आपल्या जागी हळूहळू फिरत राहतं आणि गाडी उताराच्या मर्जीवर जाते. तिला धरून ठेवायला मग फक्त ब्रेक उरतात.

‘फक्त ब्रेक उरतात’ म्हणजे नेमकं किती काम त्यांच्यावर पडतं, ते एका घाटाच्या हिशेबाने पाहू. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरायचं आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,350 मीटरवर, पोलादपूर जवळजवळ तळाशी. म्हणजे उतरण साधारण साडेबाराशे मीटरची, रस्ता सुमारे 40 किलोमीटरचा. गाडीत पाच माणसं, मागे सामान, सगळं धरून वजन 1,400 किलो. एवढं वजन एवढ्या उंचीवरून खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते ती जवळजवळ पावणेपाच युनिट विजेइतकी असते. घाटाच्या संथ वेगाने उतरलं तर त्यातली साधारण निम्मी टायर आणि वारा खाऊन टाकतात. उरलेली दोन-अडीच युनिटं कुठेतरी जिरवावीच लागतात, कारण ती जिरली नाहीत तर गाडीचा वेग वाढत जाईल.

गाडी न्यूट्रलमध्ये असेल तर ही सगळी ऊर्जा ब्रेकच्या चकत्यांमध्ये उष्णता होऊन जिरते. तासाभराच्या उतरणीत ब्रेक सरासरी बाथरूममधल्या गीझरइतकी उष्णता सोसतात, आणि गीझरमध्ये ती सोसायला पंधरा लिटर पाणी असतं, इथे काही किलो लोखंड आहे. शिवाय हे सरासरीचं झालं. आंबेनळीचा तीव्र उतार प्रतापगडाच्या फाट्याच्या अलीकडे-पलीकडे एकवटलेला आहे, त्यामुळे तेवढ्या टप्प्यात भार याच्या कितीतरी पट होतो.

तापलेले ब्रेक दोन वेगवेगळ्या प्रकारे दगा देतात आणि ते पायाला वेगवेगळे कळतात. पहिल्या प्रकारात ब्रेकपॅडचा पृष्ठभाग इतका तापतो की त्याची पकड कमी होते. पेडल नेहमीसारखंच घट्ट लागतं, तुम्ही जोरात दाबता, पण गाडी हवी तशी थांबत नाही. बरोबरीने जळका वास येतो. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा. ब्रेकच्या नळ्यांमधलं तेल हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि आपल्या पावसाळ्यात तर भरपूर घेतं. डॉट 3 प्रतीचं नवं तेल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषलेलं तेच तेल 140 अंशांच्या आसपास उकळू शकतं. ते उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते, तेलासारखी जोर पुढे नेत नाही. पेडल मऊ पडतं आणि थेट तळाला जातं. पेडल मऊ लागायला सुरुवात झाली की क्षणभरही वाट न पाहता सुरक्षित जागा पाहून गाडी बाजूला घ्यावी, अर्धा तास तरी थंड होऊ द्यावी. तापलेल्या चकतीवर पाणी मात्र ओतू नये, ती वाकते किंवा तडकते. खाली उतरल्यावर ब्रेकचं तेल किती जुनं आहे हे गॅरेजमध्ये तपासून घ्यावं. सर्व्हिसिंगमध्ये ही गोष्ट सर्रास राहून जाते.

आता तोच घाट जोड न तोडता उतरू. लिव्हर डीवर आहे, अॅक्सिलरेटरवरून पाय काढला आहे. चाकं आता इंजिनला फिरवतात, इंजिन चाकांना नाही. इंजिनाच्या आत हवा ओढण्याचं आणि घर्षणाचं काम चाकांना करावं लागतं, आणि तीच आपली रोध देणारी ताकद. ही उष्णता रेडिएटर आणि सायलेन्सर वाटे बाहेर जाते, आणि त्यासाठीच तर ते बनवलेले आहेत. मात्र नुसत्या डीवर भागेलच असं नाही. अॅक्सिलरेटरवरचा पाय निघाला की बऱ्याच जुन्या ऑटोमॅटिक गाड्या वरचा गिअर टाकतात, कारण त्यांना वाटतं रस्ता सपाट आहे. वरच्या गिअरमध्ये इंजिनाचा रोध अगदी क्षीण असतो. नव्या गाड्या उतार ओळखून खालचा गिअर धरतात, पण सगळ्याच तेवढ्या हुशार नसतात. म्हणून लिव्हरवर एल, 2, एस किंवा एम अशी जी काही सोय असेल ती वापरायची. एम असेल तर वजा चिन्हाकडे एकेक झटका देऊन दुसरा किंवा तिसरा गिअर धरायचा. ज्या गिअरवर घाट चढलात त्याच गिअरवर उतरा, असं जुने एसटी चालक सांगत आले आहेत. ऑटोमॅटिकलाही ते तंतोतंत लागू आहे. चढताना कोणता गिअर पडला होता ते बऱ्याच गाड्यांमध्ये समोरच्या पडद्यावर दिसतं, ते पाहून ठेवावं.

खालच्या गिअरमध्ये इंजिन गुरगुरतं. फेऱ्यांचा काटा तीन हजारांच्या घरात जातो आणि मागे बसलेली मंडळी घाबरतात. काळजीचं काही नाही. पेट्रोल इंजिनाची लाल रेघ बहुधा सहा हजारांच्या आसपास असते, तिच्यापासून आपण बरेच लांब असतो. ब्रेक वापरायचे ते वळणाच्या आधी, ठामपणे आणि थोडा वेळ, मग पाय पूर्ण उचलायचा. हलकेच दाबून सतत घासत उतरणं हा सर्वांत वाईट प्रकार, कारण मग चकतीला वारा लागायला क्षणभरही मिळत नाही.

मग पेट्रोल? न्यूट्रलच्या सवयीचं मूळ इथेच आहे, म्हणून याचं उत्तर नीट द्यायला हवं. कार्बोरेटरच्या काळात या समजुतीत तथ्य होतं. तेव्हा गिअरमध्ये उतरणारं इंजिनसुद्धा पेट्रोल ओढत राहायचं. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात तसं होत नाही. गाडी गिअरमध्ये आहे, पाय अॅक्सिलरेटरवर नाही आणि इंजिन पुरेशा फेऱ्यांनी फिरतंय, हे संगणकाला दिसलं की तो पेट्रोलचा फवारा पूर्ण बंद करतो. फेरे खूप खाली आल्यावरच तो पुन्हा सुरू होतो. उलट गाडी न्यूट्रलमध्ये टाकली तर चाकं इंजिनाला फिरवत नाहीत, त्यामुळे ते बंद पडू नये म्हणून त्याला पेट्रोल द्यावंच लागतं, तासाला साधारण अर्धा ते एक लिटर. म्हणजे आंबेनळी न्यूट्रलमध्ये उतरणारा चालक ब्रेक जाळतो आणि पेट्रोलही जाळतो. अगदी सौम्य उतारावर, जिथे इंजिनाच्या रोधाने गाडी रेंगाळते, तिथे न्यूट्रलमध्ये थेंबभर फायदा होऊ शकतो हे खरं. काही नव्या गाड्या असा जोड स्वतःच सोडतातही. पण त्या तो पुन्हा जोडताना इंजिनाचे फेरे चाकांशी जुळवून घेतात, आणि गरज पडताच डोळ्याचं पातं लवण्याआधी जोडतात. हाताने लिव्हर ओढणाऱ्याला ते जमत नाही.

त्याहून वाईट म्हणजे उतारावर इंजिनच बंद करणं. 20 नोव्हेंबर 2022 च्या संध्याकाळी पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली. ब्रेक निकामी झाले असावेत असा सुरुवातीचा अंदाज होता. नंतर पोलिसांनी सांगितलं की डिझेल वाचवण्यासाठी चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं. ट्रक ऑटोमॅटिक नव्हता, पण कारच्या बाबतीतही कारण तेच राहतं. ब्रेकचं पेडल हलकं लागतं ते इंजिन चालू असताना मिळणाऱ्या मदतीमुळे. इंजिन बंद झाल्यावर ती मदत दोन-तीन दाबांपुरतीच शिल्लक असते, नंतर पेडल दगडासारखं होतं. स्टीअरिंगही जड होतं, आणि किल्ली पूर्ण मागे फिरवली तर कुलूपबंदसुद्धा होऊ शकतं.

आता एनवरून परत डीवर येण्याकडे वळू. समजा 70 च्या वेगाने गाडी उतारावर सोडली आहे आणि पुढे अचानक वळण किंवा म्हैस दिसली. वेग वाढवून बाजूने निघून जायचं तर चाकांना ताकद नाही. घाईघाईत लिव्हर डीवर आणली, तर इंजिन आहे सातशे-आठशे फेऱ्यांवर आणि चाकं मागतायत दोन हजार. हा फरक गिअरबॉक्समधल्या क्लचने घसरत घसरत भरून काढायचा. एकदा झालं तर झटका बसतो, रोज झालं तर क्लचच्या चकत्या झिजतात, आणि ऑटोमॅटिकच्या आतल्या चकत्या बदलायच्या म्हणजे सगळा गिअरबॉक्स उघडायचा. त्याच घाईत लिव्हर चुकून दुसऱ्या दिशेला, आरकडे गेली तर? एनवरून आरवर जाताना बटण दाबावं लागतं ते त्यासाठीच. आणि पुढे चालत्या गाडीत आर टाकला तर नव्या गाड्यांचा संगणक तो आदेश नाकारतो. जुन्या गाड्यांकडे ही दक्षता असेलच असं धरून चालू नये.

पण एक लक्षात आलंय का, डीवरून एनवर जाताना बहुतेक गाड्यांत बटण दाबावं लागत नाही, हलक्या धक्क्याने लिव्हर जाते. नियम जर इतका कडक, तर रस्ता इतका मोकळा का ठेवला? कारण या नियमाला एक खरा अपवाद आहे. अॅक्सिलरेटर अडकला, गाडी आपोआप पळू लागली, तर त्या क्षणी जोड तोडणं हाच उपाय असतो. 2009 मध्ये अमेरिकेत टोयोटाने लाखो गाड्या परत बोलावल्या त्याचं एक कारण जमिनीवरच्या चटया होत्या: नीट न बसवलेली चटई पुढे सरकून अॅक्सिलरेटरला अडकत होती. आपल्याकडे तर गाडी घेतली की वरून आणखी एक जाड चटई टाकण्याची हौस असते. ती खालच्या आकड्यांना अडकवलेली नसेल तर टाकू नये. आणि पेडल अडकलंच, तर ब्रेक पूर्ण जोराने, लिव्हर एनवर, गाडी बाजूला. इंजिन ओरडेल, ओरडू द्यावं. चालू गाडीत पीवर मात्र जाऊ नये. पीमध्ये लोखंडाची एक छोटीशी खिट्टी दातेरी चाकात अडकते. ती थांबलेल्या गाडीला धरण्यासाठी आहे, धावत्या गाडीला थांबवण्यासाठी नाही.

सिग्नलचं विचारतात सगळेच. थांबेपर्यंत डीच. लाल दिवा लांबून दिसला की एनवर टाकून गाडी घरंगळत न्यायची ही सवय क्लचच्या गाडीतली आहे, ती इथे सोडायची. पूर्ण थांबल्यावर मिनिटभराचं थांबणं असेल तर डी आणि ब्रेकवर पाय. त्याने गिअरबॉक्सचं काही बिघडत नाही, आणि एएमटीमध्ये तर ब्रेक दाबून थांबलेल्या अवस्थेत यंत्र क्लच आपणच सोडून ठेवतं. रेल्वे फाटकासारखं लांबलचक थांबणं असेल तर हँडब्रेक ओढून एन किंवा पी.

विजेच्या गाड्यांना गिअर बदलायचे नसतात, पण एन असतो आणि नियम तोच. तिथे रोध मोटरकडून मिळतो आणि बॅटरीही भरते. एनवर टाकलं की दोन्ही गेलं. घाटमाथ्यावर बॅटरी काठोकाठ भरून उतरायला लागलं तर ऊर्जा साठवायला जागाच नसते आणि सुरुवातीच्या काही किलोमीटरमध्ये मोटरचा रोध कमी मिळतो. वर चार्जिंग करायचं असेल तर थोडी जागा ठेवून करावं.

दुसरा नियम पायाचा. पेडल दोन, पाय दोन, मग एकेक वाटून का घेऊ नये, हा प्रश्न साधा आणि रास्त आहे. गो-कार्ट चालवणारे आणि शर्यतीतले चालक डाव्या पायाने ब्रेक दाबतातच. फरक असा की त्यांनी तो पाय त्यासाठी वर्षानुवर्षं घडवलेला असतो. आपला डावा पाय घडलाय क्लचसाठी. क्लच एकदम तळापर्यंत दाबायचा असतो, ब्रेक इंचाइंचाने. क्लचच्या सवयीचा पाय ब्रेकवर पडला की तो तळापर्यंतच जातो, आणि ऑटोमॅटिकमधलं ब्रेकचं पेडल तर मुद्दाम रुंद असतं. गाडी जागच्या जागी थांबते, मागचा दुचाकीवाला आदळतो. ऑटोमॅटिकच्या पहिल्या आठवड्यात जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला असा एखादा धक्का येतोच.

काहींचा डावा पाय हळूहळू ब्रेक शिकतोही. तेव्हा धोका दुसरा सुरू होतो. विसावा म्हणून पाय पेडलवर टेकून राहतो. ब्रेक किंचित लागलेले राहतात आणि तापतात, मागचे लाल दिवे सतत लागलेले दिसतात, त्यामुळे तुम्ही खरोखर थांबता तेव्हा मागच्याला काही नवीन कळत नाही. आणि संकटाच्या क्षणी माणसाचं शरीर ताठ होतं, दोन्ही पाय एकदम पुढे जातात. दोन पेडलांवर दोन पाय असतील तर दोन्ही दाबली जातात. अनेक नव्या गाड्यांत अशा वेळी संगणक ब्रेकला मान देऊन इंजिनाची ताकद कापतो, पण सगळ्या गाड्यांत ही सोय नाही. एकच पाय काम करत असेल तर तो एका वेळी एकाच पेडलवर असू शकतो, अॅक्सिलरेटरवर असेल तर ब्रेकवर नाही. नियमाचं सगळं मर्म एवढंच आहे. म्हणून ज्यांचा उजवा पाय काम करत नाही, त्यांच्यासाठी अॅक्सिलरेटर डावीकडे बसवून घेता येतो आणि ते डाव्या पायाने सुरक्षित चालवतात. पाय कोणता यापेक्षा एकच हे महत्त्वाचं.

पण एकच पाय वापरूनही तो चुकीच्या पेडलवर पडू शकतो, आणि या चुकीचा इतिहास जाणून घेण्यासारखा आहे. 1980 च्या दशकात अमेरिकेत ऑडी 5000 या मोटारीबद्दल तक्रारी येऊ लागल्या. गाडी पीवरून काढली की अचानक झेप घेते, ब्रेक दाबला तरी थांबत नाही, असं चालक सांगत. नोव्हेंबर 1986 मध्ये दूरचित्रवाणीवर त्यावर कार्यक्रम झाला आणि गाडीची विक्री कोसळली. अमेरिकी सरकारच्या रस्ता सुरक्षा यंत्रणेने तपास केला आणि 1989 मध्ये निष्कर्ष दिला. गाडीतल्या एका दोषामुळे कधीकधी इंजिनाचे फेरे अचानक थोडे वाढत, त्याने चालक दचकत. पण बहुतेक घटनांमध्ये दचकलेल्या चालकाने ब्रेक समजून अॅक्सिलरेटर दाबला होता. ते चालक खोटं बोलत नव्हते. पाय डोळ्यांना दिसत नाही. मेंदूने ब्रेकचा आदेश दिलेला असतो, त्यामुळे माणसाला मनापासून वाटतं की आपण ब्रेकवरच आहोत. गाडी पळाली की तो ‘ब्रेक’ आणखी जोरात दाबतो, आणि गाडी आणखी पळते.

आज तुमची गाडी ब्रेक दाबल्याशिवाय पीवरून हलत नाही, ते कुलूप ऑडीने या प्रकरणातच आपल्या गाड्यांना बसवायला घेतलं आणि पुढे ते सगळीकडे पसरलं. तरी चूक संपलेली नाही. जपानमध्ये वृद्ध चालकांच्या अशा अपघातांचा प्रश्न मोठा आहे. एप्रिल 2019 मध्ये टोकियोतल्या इकेबुकुरो भागात 87 वर्षांच्या चालकाची गाडी रस्ता ओलांडणाऱ्यांवर गेली, एक आई आणि तिची लहान मुलगी दगावली. चालक ब्रेकबद्दल बोलत राहिला, न्यायालयाने पेडलची गल्लत झाल्याचं मानलं.

अशी गल्लत बहुतेक वेळा भर रस्त्यात नाही, तर पार्किंगमध्ये होते. मागे घेताना माणूस अंग वळवतो, कंबर फिरते, तिच्याबरोबर टाच सरकते आणि पाय उजवीकडे जातो. टोलवर किंवा फाटकाशी खिडकीतून हात बाहेर काढताना तेच होतं. म्हणून टाचेची जागा पक्की करणं हा सर्वांत उपयोगी सराव आहे. टाच ब्रेकच्या पेडलसमोर जमिनीवर टेकवायची आणि तिथेच ठेवायची. अॅक्सिलरेटर दाबायचा तर टाच न उचलता चवडा उजवीकडे तिरका करायचा. पाय ढिला सोडला की तो सरळ होऊन ब्रेकसमोर येतो. टाच अॅक्सिलरेटरसमोर ठेवली तर ब्रेकसाठी अख्खा पाय उचलून न्यावा लागतो आणि घाईत तिथेच चूक होते. सँडल किंवा जाड तळाची चप्पल या सरावाला मारक आहे, पट्टा नसलेली तर मुळीच नको. डाव्या पायासाठी डावीकडे सपाट पाटी असते. तो तिथे, पाटी नसेल तर सीटच्या जवळ मागे ओढून. नवख्याला शेजारी बसून शिकवणाऱ्याने पहिले काही दिवस एवढंच पाहिलं तरी पुरे: “काका, डावा पाय मागे घ्या.”

आणि कधी ब्रेक दाबूनही गाडी पळतेय असं वाटलंच, तर आणखी दाबायचं नाही. पाय पूर्ण उचलायचा. चूक पेडलची असेल तर उचलताक्षणी इंजिनाचा आवाज पडतो. मग टाच जागेवर आणून ब्रेक. हा क्रम रिकाम्या मैदानावर, अगदी सावकाश वेगात, शब्दांसकट म्हणत घोकावा: उचल, आण, दाब.

चढावर थांबलेली एएमटी गाडी या दोन्ही नियमांची एकत्र परीक्षा घेते. ब्रेक सोडून अॅक्सिलरेटरवर जाईपर्यंत ती मागे सरकते, म्हणून अनेकजण डावा पाय ब्रेकवर ठेवतात किंवा अॅक्सिलरेटर किंचित दाबून गाडी चढावर लटकवून ठेवतात. दुसऱ्या प्रकारात क्लच घसरत राहतो आणि काही मिनिटांत जळका वास येतो, कधी पडद्यावर इशाराही येतो. यावर उपाय हँडब्रेकचा. तो ओढलेला ठेवायचा, उजवा पाय अॅक्सिलरेटरवर न्यायचा, गाडीचं नाक किंचित उचललं गेलं की हँडब्रेक सोडायचा. चढावर धरून ठेवणारी सोय गाडीत असेल तर तीही ब्रेक सोडल्यावर दोन-तीन सेकंदच धरते, तेवढ्यात पाय फिरवायचा. बहुतेक एएमटी गाड्यांना पी नसतो हेही ध्यानात ठेवावं. त्यांना उभं करताना हँडब्रेक ओढून गिअर डी किंवा आरवर ठेवून इंजिन बंद करायचं, एनवर ठेवून नाही. ज्यांना पी आहे त्यांनी उतारावर आधी हँडब्रेक ओढावा, पायाचा ब्रेक हलकेच सोडून गाडीचं ओझं हँडब्रेकवर येऊ द्यावं आणि मगच पी टाकावा. नाहीतर सगळा भार त्या खिट्टीवर येतो आणि सकाळी लिव्हर पीवरून काढताना ठणकन आवाज होतो.